मालिनीताईंचा बिनसहीचा अर्ज

"तुम्ही कचेरीत काय करता हो?" असं कुणी विचारलं की मालिनी शिवलकर एकच शब्द सांगायच्या, "आवक-जावक." एकोणीस वर्षं त्यांनी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत आलेल्या कागदांवर नंबर घातले होते. साहेब बदलले, टेबलं बदलली, खिडकीसमोरचं झाडसुद्धा तोडून झालं, पण आवक रजिस्टरातलं त्यांचं अक्षर तसंच टपोरं राहिलं. नवरा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कामावर हजर झाल्या होत्या. लोक म्हणाले, बाई घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हत्या, पण घरी बसून रडण्यापेक्षा रजिस्टर बरं, इतकंच त्यांना कळत होतं.

अशा बाईच्या मुलीची शाळेने तीन वर्षं कीव करावी, याचा मला अजून राग येतो.

झालं असं. २००४ साली वडील गेले तेव्हा ओवी पाचवीत होती. महिन्याभराने शाळेत कुणी देणगीदार आले, त्यांनी वीस मुलांना दप्तरं वाटली. या शाळेची रीतच होती, की वस्तू हातात पडायच्या आधी फोटो. ओवीच्या घरी दोन दप्तरं होती, एक तर नवंकोरं. पण ती पहिल्या रांगेत होती, डोळे रडून सुजलेले होते, आणि फोटो काढणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं. फोटो शाळेच्या वार्तापत्रात आला. खाली ओळ होती, 'पितृछत्र हरपलेल्या कु. ओवीला मायेचा आधार.' पुढे शाळेने वेबसाइट काढली तेव्हा देणगीच्या पानावर तोच फोटो चढला. दरवर्षी वार्तापत्रातही तोच. आईला कुणी विचारलं नाही, मुलीला तर नाहीच नाही.

ओवी आठवीत गेली आणि वाऱ्यासारखी पळायला लागली. २००७ च्या नोव्हेंबरात आठशे मीटरमध्ये तालुक्यात पहिली आली. बक्षीस घेऊन खाली उतरताना दुसऱ्या शाळेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "ही ती गो, वेबसाइटवरची. दप्तर घेऊन रडणारी."

घरी येऊन ओवीने बूट माळ्यावर टाकले.

"जिल्ह्याला मी जाणार नाय."

"का गो?"

"तो फोटो काढत नाहीत तोवर त्या शाळेच्या नावाने मी पळणार नाय. नाय म्हणजे नाय."

जिल्ह्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

मालिनीताईंनी आधी शाळेत फोन केला. "वेबसाइटचं सगळं मेलवर पाठवा," असं उत्तर आलं. मग त्या मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत गेल्या. कॅफे उमेरचा. मोहल्ल्यातले बरेच लोक दुबईला, त्यामुळे त्यांच्या घरच्यांचे मेल हाच लिहायचा. ताईंनी मजकूर सांगितला, उमेरने मराठीत टाइप केला. विषय, संदर्भ, मग मुद्दा: माझी मुलगी ओवी हिचा फोटो व त्याखालील मजकूर वेबसाइटवरून काढावा, वार्तापत्राच्या पुढील अंकांत वापरू नये, आणि तसे केल्याचे कळवावे.

"खाला, याला अर्ज म्हणायचं की नोटीस?" उमेर हसला. ताईंना तो खाला, म्हणजे मावशी म्हणायचा.

"विनंती," ताई म्हणाल्या. "नोटीस नंतर."

आठवडा गेला. उत्तर नाही. ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शाळेचं ऑफिस गाठलं. तिथले क्लार्क रघूभाऊ जुन्या ओळखीचे.

"रघूभाऊ, माझ्या मेलचं काय झालं?"

"आला होता की. इथे आलेला मेल मी छापून काढतो. पण ताई, खाली तुमची सही नाय."

"मेलवर सही कशी असेल?"

"ते मला काय ठाऊक? बिनसहीचा अर्ज म्हणजे निनावी. नंबर घालायचा नाय, फायलीला लावायचा. नियम आहे तो. तुमच्याकडे पण हाच असेल ना?"

हाच नियम मालिनीताईंच्या कचेरीतही होता की. एकोणीस वर्षांत शेकडो बिनसहीचे कागद त्यांनी याच नियमाने बाजूला सारले होते. त्या कागदांमागे कुणी माणूस घरी वाट पाहत बसलं असेल, हे आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"फाइल आणा," त्या म्हणाल्या.

रघूभाऊंनी फाइल आणली. ताईंनी पर्समधलं पेन काढलं, छापलेल्या मेलखाली ठसठशीत सही केली, तारीख घातली. "आता घाला नंबर. आणि याची झेरॉक्स काढून तिच्यावर मला पोच द्या."

आवक क्रमांक ४१२. शिक्का बसला, तसा कागद हेडमास्तर खेडेकर सरांच्या टेबलावर गेला. कागदामागोमाग ताईही गेल्या.

"अहो बाई," सर म्हणाले, "लोक आपल्या मुलांचा फोटो यावा म्हणून मागे लागतात. आणि हा फोटो पाहून देणगी येते. शाळेचं भलंच आहे त्यात."

"सर, तिच्याकडे दप्तर होतं."

"म्हणजे?"

"घरी दोन दप्तरं होती. ती रडत होती तिच्या बाबांसाठी. ते रडणं तुम्ही तीन वर्षं लोकांना दाखवताय. माझं पोर उभ्या तालुक्यात पहिलं आलं, तरी लोक तिला त्या फोटोनेच ओळखतात. मला हे सहन होत नाही."

खेडेकर सर वाईट मनुष्य नव्हते, नुसते विचार न करणारे होते. त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी मुंबईला फोन लावला. शाळेची वेबसाइट मुकुल नावाचा माजी विद्यार्थी फुकट सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी पानावरून फोटो गेला.

ताईंनी खात्री करायला उमेरच्या कॅफेत जाऊन पाहिलं. उमेर पक्का. त्याने आधीच फोटोचा वेबसाइटवरचा वेगळा पत्ता वहीत उतरवून ठेवला होता. तो टाकला, आणि ओवी पुन्हा पडद्यावर रडायला लागली.

"पानावरनं काढला खाला, पण फाइल तिथेच ठेवली. वार्तापत्राचा एक जुना अंक वेबसाइटवर आहे, तोही तसाच उघडतो."

दुसरा मेल गेला, दोन्ही पत्ते घालून. या वेळी ताईंनी तो तिथेच छापून घेतला, सही केली आणि स्वतः नेऊन दिला. रघूभाऊंनी काही न विचारता नंबर घातला, ४१९. दोन दिवसांनी शाळेचं पत्र आलं: फोटो मूळ जागेवरून पुसला आहे, जुन्या अंकातील ते पान वेबसाइटवरून काढले आहे, छापून वाटलेले अंक परत घेता येत नाहीत याबद्दल दिलगिरी, यापुढे पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याचा फोटो वापरला जाणार नाही.

उमेरने दोन्ही पत्ते पुन्हा टाकले. पडद्यावर काही उघडलं नाही. त्या रिकाम्या पडद्याकडे बघून मालिनीताई खुर्चीतच टाळ्या वाजवायला लागल्या, आणि बाजूला चॅटिंग करत बसलेली पोरं दचकली.

ओवीने माळ्यावरून बूट काढले. जिल्ह्याला ती नुसती पहिली आली नाही, दुसरीला तिने चांगली वीस पावलं मागे टाकलं. ताई मैदानाच्या कडेला इतक्या ओरडल्या, की दुसऱ्या दिवशी कचेरीत आवाज फुटेना.

आठवड्याने ओवीच्या हातून शाळेची चिठ्ठी आली. विजयाचा फोटो वार्तापत्रात व वेबसाइटवर घेण्यास संमती आहे किंवा नाही. खाली एकच रेघ, पालकाची सही.

ताईंनी चिठ्ठी लेकीपुढे सरकवली. "तू सांग."

ओवीने ती दोनदा वाचली. 'आहे'वर खूण केली. बाजूला लिहिलं, 'फोटोखाली एवढंच छापावे: ओवी शिवलकर, ८०० मीटर, जिल्ह्यात पहिली.' आईची सही झाल्यावर तिने पट्टी घेऊन खाली आणखी एक रेघ मारली आणि तिच्यावर स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी रघूभाऊंनी चिठ्ठी हातात घेतली, दोन्ही सह्या निरखून पाहिल्या, आणि मान डोलावून आवक नंबर घातला.