रोमन अक्षरांतली मिठागरं

आमच्या भाईंदर पूर्वेच्या वाचनालयाची यादी कॉम्प्युटरवर चढली तेव्हा मी तिथली ग्रंथपाल होते. वय पंचावन्न, तोरा पंचविशीचा. प्रत्येक पुस्तकाला शोधशब्द द्यायचे होते. रोमनमध्येही टाकून ठेवू, असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला, तर मी त्याला तासभर मराठीचा अभिमान शिकवला. बिचारा चहा न पिताच गेला. शोधशब्द फक्त देवनागरीत गेले आणि बाईसाहेब लढाई जिंकल्यासारख्या घरी आल्या.

निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर, यंदाच्या उन्हाळ्यात, आताच्या ग्रंथपाल पोरीनं मला बोलावलं. जागा पुरत नव्हती, म्हणून पाच वर्षांत कुणी न नेलेली पुस्तकं काढायची, असं कमिटीनं ठरवलं होतं. त्यात मी जमवलेलं अख्खं कपाट होतं: मिठागरं, खाडी, कोळीवाडे. वाचणारेच उरले नाहीत, असं मी सुस्कारत म्हटलं.

"आजी, वाचणारे आहेत," ती म्हणाली. "त्यांना पुस्तकं सापडत नाहीयेत."

तिनं स्क्रीनवर न सापडलेल्या शोधांची नोंद दाखवली. mithagar. mitagar. mithaagar. लोक मोबाईलवर असं लिहीत होते आणि आमचं सॉफ्टवेअर अक्षराला अक्षर जुळवतं, उच्चार त्याला कळत नाही. पुस्तक कपाटात, वाचक दारात आणि मधे मी.

कमिटी रविवारी बसणार होती, त्याआधी माझ्या कपाटाला तरी रोमन शब्द जोडायचे असं आम्ही दोघींनी ठरवलं. देवनागरी शब्द होते तसेच ठेवले. रोमन शब्द वेगळ्या रकान्यात, जो शोधाला दिसतो, वाचकाला नाही. मी उत्साहानं दहा-दहा स्पेलिंगं सुचवायला लागले. पोरीनं थांबवलं, नोंदीत लोकांनी खरंच लिहिलेली आधी घ्या म्हणाली. चार दिवसांत ते एक कपाट झालं. मान आखडली, डोळ्यांतून पाणी. अभिमान एका तासात झाला होता, निस्तरायला हे एवढं.

शनिवारी जवळच्या मुर्धा गावची एक बाई आली. तिचे वडील मिठागरावर कामाला होते; मिठागरांवरचं एक पुस्तक वाचून दाखवायचं होतं त्यांना.

"मावशी, आधी दोनदा बघितलं, तर न्हाय म्हणायचा मोबाईल," ती म्हणाली. "आज हाय म्हणतोय."

पुस्तकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. पहिला मी मारला, वाकडा.

रविवारी पोरीनं कमिटीपुढे ती न सापडलेल्या शोधांची नोंद आणि त्या चिठ्ठीचा फोटो ठेवला. पुस्तकं वर्षभर राहतील असं ठरलं. मात्र त्या वर्षात सगळ्या यादीला रोमन शब्द जोडायचे. कुणी जोडायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

आता तिसरं कपाट चालू आहे, पुढे सोळा उरलीत. दुपारी पाठ टेकून बसते तेव्हा पंचावन्नच्या त्या बाईला मनात दोन शब्द सुनावते. सॉफ्टवेअरवाला भेटला, तर त्याचा राहिलेला चहा मात्र पाजायचाय.