बंदरावर लिहिलेली आडनावं

उल्हासनगरात एका सरकारी कचेरीबाहेर माझं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, वारसांची यादी, नावात बदल, सगळं टाइप करून देते. पंचवीस वर्षं हेच करते आहे आणि नावांच्या बाबतीत माझ्यासमोर कोणी शहाणपणा केलेला मला खपत नाही. माझ्याकडून गेल्या वर्षी जी चूक झाली ती या तोऱ्यातूनच झाली.

दिवाळीनंतर चार नंबर कॅम्पातले एक म्हातारे काका आले. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचे असतील. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक जुनं कार्ड काढलं. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची नोंद व्हायची, तेव्हाचं.

“हा सरनेम माझा नाय, बेटी,” ते म्हणाले. “ये तो मेरे पालनेवालों का है.”

हकीकत सरळ होती. आई आधीच गेलेली. बापाने सहा वर्षांच्या काकांना आणि अकरा वर्षांच्या बहिणीला कराचीहून जहाजात बसवलं, दुकान आवरून पुढच्या जहाजाने येतो म्हणाला आणि आलाच नाही. मुंबईच्या बंदरावर बहीण पाणी आणायला गेली. तेवढ्यात नोंदणीची रांग पुढे सरकली. जहाजात ओळख झालेल्या बाईने काकांचा हात धरलेला होता. रेशन कुटुंबामागे मिळायचं, म्हणून कारकुनाने हात धरलेलं पोर त्याच कुटुंबात लिहून टाकलं. बहीण परतली तेव्हा तिची रांग वेगळी, कारकून वेगळा, आणि तिला कुठल्या कॅम्पात पाठवलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

“अदी जिंदा असेल तर अठ्ठ्याऐंशीची असेल,” काका म्हणाले. अदी म्हणजे थोरली बहीण. “मला एकदा भेटायचंय. बस.”

त्यांना घरचं खरं आडनाव आठवत होतं, पण कानाला आठवतं तेवढंच. मी लगेच कामाला लागले. सिंधी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. इंग्रजी कागदावर उतरवणारा कारकून ते आपल्या मनाने भरायचा. त्यामुळे एका आडनावाचे आठ-दहा अवतार सहज निघतात. मी सतरा काढले. प्रत्येक अवतारासाठी अर्ज केला: पुनर्वसनाच्या जुन्या नोंदी, मालमत्तेच्या सनदा, मतदारयाद्या. उत्तरं यायची, “नोंद आढळून येत नाही.” मी पुढचा अवतार पाठवायचे. काका दर सोमवारी यायचे, स्टुलावर बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. मला वाटायचं, किती विश्वास आहे माझ्यावर. खरं सांगायचं तर मी खूश होते.

एप्रिलमध्ये त्यांची बायको वारली. मुलीला घेऊन ते अस्थी विसर्जनाला हरिद्वारला गेले. तिथल्या पंड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात. पंड्याने आडनावाकडे लक्षच दिलं नाही. त्याने आधी मूळ गाव विचारलं, मग नुख, म्हणजे कुळ. नुख काकांना ठाऊक नव्हती, पण गाव आणि बापाचं नाव ठाऊक होतं. तेवढ्यावर त्याने त्या गावची वही बघणाऱ्या दुसऱ्या पंड्याकडे धाडलं, आणि दुपारपर्यंत काकांच्या आजोबांची नोंद सापडली.

आल्यावर काकांनी मोबाइलमधला फोटो माझ्यापुढे धरला. आजोबांच्या नोंदीत ते आडनाव होतं. माझ्या सतरांतलं चौदावं. म्हणजे मी बरोबर पोचले होते, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण हिंदुस्थानात आल्यावर ते आडनाव कुठल्याच कागदावर चढलं नव्हतं. काकांना पाळणाऱ्यांचं मिळालं. बहिणीला कारकुनाने नाव विचारलं असणार. तिने रीतीप्रमाणे आपलं आणि बापाचं सांगितलं, आणि आडनावाच्या रकान्यात बाप जाऊन बसला.

हे मला कसं कळलं? त्याच पानावर खाली आणखी एक नोंद होती. सासऱ्यांच्या अस्थी घेऊन आलेल्या एका बाईने मुद्दाम माहेरचा पंडा शोधून ती लिहून घेतली होती. तिचं नाव, बापाचं नाव, कॅम्पात लागलेलं आडनाव, नवऱ्याचं नाव, उल्हासनगरातलाच पाच नंबर कॅम्प, बॅरकीचा नंबर. आणि शेवटची ओळ काकांनी मला वाचून दाखवली नाही, बोटाने दाखवली. धाकटा भाऊ बंदरावर हरवला, वारला असं धरून त्याचे पिंड दिले.

मी काकांचं कार्ड पुन्हा काढलं. त्यावर मूळ गावाचा रकाना स्वच्छ भरलेला होता. बापाचं नावही. आडनाव कारकुनाच्या हातचं असतं, पण गाव आणि बाप माणूस स्वतः सांगतो, हे मला कळायला हवं होतं. गाव धरून पाच नंबरात चार म्हाताऱ्यांना विचारलं असतं तरी भागलं असतं. त्या गावचे लोक अजून एकमेकांच्या लग्नामयताला जातात. पण मी पडले नावांची तज्ज्ञ.

त्याच संध्याकाळी रिक्षाने गेलो. चार नंबरहून पाच नंबर, पंधरा मिनिटं. बॅरक पाडून तिथे चार मजली इमारत उभी आहे, पण जुना नंबर सांगितल्यावर पानवाल्याने लगेच दार दाखवलं. सुनेने उघडलं. आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मी तो काकांच्या आधी पाहिला आणि त्यांना तिथूनच परत न्यावंसं वाटलं.

“मम्मी फेब्रुवारीत गेल्या,” सून म्हणाली.

फेब्रुवारीत मी नववा की दहावा अवतार पाठवून उत्तराची वाट बघत होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी ते काकांना म्हणालेही. ते म्हणाले, “तू तो लिखती थी ना, बेटी.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ते फोटोसमोर उभे राहिले. चेहरा ओळखीचा वाटेना. सहा वर्षांच्या पोराला अकरा वर्षांची मुलगी आठवत होती, आणि समोर चष्म्यातली म्हातारी होती. आपण खरंच हिचे कोणी आहोत का, असं त्यांना वाटत असावं. मलाही क्षणभर वाटलं.

सुनेने पाणी दिलं. मग तिने आपणहून सांगितलं की भादव्यातल्या अमावास्येला मम्मी भावाचं ताट वाढायच्या. मरणाची तिथी ठाऊक नव्हती म्हणून अमावास्या. ताट वाढून झालं की दार उघडून हाक मारायच्या आणि थोडा वेळ उंबऱ्यात उभ्या राहायच्या.

“काय हाक मारायच्या?” मी विचारलं.

सुनेने ओढणी सारखी केली. सासूची हाक आपण कशी मारायची, या संकोचाने तिने ती हळूच मारली. दोन अक्षरी, पाळण्यातलं, लाडाचं नाव. ते कार्डावर नव्हतं, वहीत नव्हतं, काकांनी मला सहा महिन्यांत कधी सांगितलं नव्हतं.

काका फोटोकडेच बघत होते.

“हां, अदी,” ते म्हणाले.