डावीकडे आवाज

मिस्त्रींचा उजवा कान पंधरा वर्षांपूर्वीच गेला होता आणि डावाही जायच्या तयारीत होता. चालत्या गाडीत बसले की इंजिन, रस्ता आणि शेजारी बसलेला माणूस, सगळं त्यांना एकाच सुरात ऐकू येई. हे आजवर फक्त बायकोला ठाऊक होतं. आता मालकांच्या जावयालाही कळलं होतं आणि तीच पंचाईत होती.

मालकांना मुलगा नव्हता, म्हणून गॅरेजच्या नशिबी जावई आला. तीन दिवसांचा कोर्स करून आलेला हा गृहस्थ गळ्यात स्वतःच छापलेलं ओळखपत्र अडकवून हिंडे आणि हाताला ग्रीस लागू नये म्हणून बोनेटसुद्धा कोपराने उघडायला बघे. मिस्त्रींच्या कानाचं कळताच त्याने जाहीर केलं की सोमवारपासून मिस्त्री धुलाईच्या रॅम्पवर. "बहिऱ्या माणसाने गाडीचा आवाज शोधायचा म्हणजे काय!" पोरीच्या नवऱ्यापुढे मालकांचं तोंड उघडत नसे. एकतीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाला आता पाण्याचा पाइप धरायचा होता, आणि मिस्त्रींना त्याची मनापासून लाज वाटत होती.

शनिवारी भर दुपारी व्हॅनवाल्या काकू आल्या. शाळेची पोरं ने-आण करणारी बाई, अकरा पोरांना एका नजरेत गप्प करणारी. गेल्या पंधरवड्यातली त्यांची ही तिसरी फेरी.

"पहिल्यांदा म्हणालात, टायर. पुढचे मागे केलेत, मागचे पुढे. दुसऱ्यांदा बेअरिंग बदललंत. आवाज जिथल्या तिथे! आता काय, माझे कान बदलणार?"

जावयाने कॉम्प्युटर उघडला. "हे बघा, तक्रारीत स्पष्ट लिहिलंय. डावीकडे आवाज. आम्ही डावं बेअरिंग बदललं. आमच्याकडून सिस्टिमप्रमाणे सगळं झालेलं आहे."

सिस्टिमप्रमाणे! नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला डोळ्यांत पाणी कसं येत नाही, असा प्रश्न मिस्त्रींना पडला. ते पुढे झाले आणि बरा कान काकूंकडे केला.

"काकू, मोठ्याने सांगा. आवाज कसा आहे?"

"घूंऽऽ असा. चाळीसला सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तरी तसाच."

"आणि स्टिअरिंग वळवलं की?"

"डावीकडे वळवलं की वाढतो. उजवीकडे वळवलं की जवळजवळ बंद. हेच तर सांगितलं होतं ह्यांना!"

"आणि ह्यांनी काय लिहिलं? डावीकडे आवाज." मिस्त्रींनी जावयाकडे वळूनही पाहिलं नाही. "गाडी डावीकडे वळली की अंग कुठे झुकतं, काकू?"

"उजवीकडे. पोरं सगळी त्या बाजूला कलंडतात."

"मग भार उजव्या चाकावर येतो. ज्याच्यावर भार पडल्यावर ओरडा वाढतो, दुखणं त्याचं. निरोगी बेअरिंग बदललंत, जावईबापू. त्याने तुमचं काय बिघडवलं होतं?"

"ऐकू येत नाही आणि निदान करतायत," जावई पुटपुटला. हे मात्र मिस्त्रींना नेमकं ऐकू गेलं.

त्यांनी गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचललं. एका हाताची बोटं डाव्या चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. काहीच नाही. मग उजव्या बाजूला गेले, चाक फिरवलं आणि काकूंचा हात धरून स्प्रिंगवर टेकवला.

"अगंबाई! चरचर लागतेय बोटांना."

तेवढ्यात मालकही येऊन उभे राहिले. मिस्त्रींनी चाक उतरवून त्यामागचा हब काढला, जुनं बेअरिंग प्रेसवर दाबून बाहेर काढलं आणि फोडून जावयाच्या स्वच्छ तळव्यावर ठेवलं. आतल्या गोळ्या ज्या गुळगुळीत पट्टीवर धावतात तिचे पोपडे निघाले होते. आणखी महिनाभर हे तसंच राहिलं असतं तर चाक डगमगायला लागलं असतं, आणि वर अकरा पोरं. काकूंनी ते पाहिलं आणि जावयाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवं बेअरिंग बसलं. काकूंनी गाडी काढली, मालक पुढे बसले, जावई मागे. मोकळ्या रस्त्यावर साठ, मग डावीकडे वळण, मग उजवीकडे. परत येऊन जावई खाली उतरला आणि सगळं आपणच केल्याच्या थाटात हात झटकत म्हणाला, "गेला आवाज! मिस्त्री, शेवटी तुम्हालाही ऐकू आलाच म्हणायचा."

"नाही," मिस्त्री म्हणाले, मालकांच्या डोळ्यांत बघत. "मला तो एकदाही ऐकू आला नाही. ऐकू जावईबापूंना येत होता."

मालकांनी जावयाच्या काळ्या झालेल्या तळव्याकडे पाहिलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

"हात धुऊन ये," ते म्हणाले. "पाइप रॅम्पवर आहे. सोमवारपासून तुझ्याच हातात राहील."