काड्या खोचलेला बोर्ड

उरवड्यात पंखा अडला, वायर जळाली की कोंडिबाला हाक. माणूस कामाला वाघ, पण घाईचा. प्लग फुटलेला दिसला की नव्यासाठी पिरंगुटला कोण जाणार? वायरीची टोकं सोलायची, सॉकेटच्या भोकांत घालायची, वरनं काडेपेटीच्या काड्या खोचायच्या. "चार दिवस चालतंय," म्हणायचा. चार दिवसांचं वरीस व्हायचं.

२००७ च्या श्रावणात रजनीबाईंनी त्याला शाळेत बोलावलं. घरोघर मोबाईल आले होते, पोरं चार्जरशी खेळायची. "दहा मिनिटं बोला," बाई म्हणाल्या.

कोंडिबा फळ्यापुढं उभा राहिला. "हात कोरडा असल्याबिगर चार्जरला शिवायचं न्हाई. काढताना आधी बटण बंद, मग चार्जर धरून वढायचा, वायर धरून न्हाई. प्लग फुटला, वायर सोलली, तर हात न लावता घरच्यांना सांगायचं. वल्या अंगाला करंट लई जोरात बसतोय."

पाचवीतली जान्हवी उठली. "काका, मग आमच्या बोर्डाला काड्या तुमीच खोचल्यात की."

पोरं हसली. कोंडिबाला ते घर आठवलं. जान्हवीच्या घरी कंपनीतले दोन भाडेकरू. त्यांचे अन् घरचे, सगळे फोन त्या एकाच लांब वायरीच्या, सुट्या बोर्डावर.

"आता घरी कोण हाय?"

"आई. मोरीत धुणं धुतीया. बोर्ड मोरीच्या दाराशीच हाय."

"फोन लावलाय त्याला?"

"व्हय. लाईट आली की चार्ज व्हईल म्हणून लावून ठिवलाय."

लोडशेडिंग बाराला संपायचं. घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी. रजनीबाईंनी पर्समधनं मोबाईल काढला. "हिच्या आईला, सुलक्षणाताईंनाच सांगते, हात लावू नका म्हणून."

"नगा बाई. वाजला की ती वल्या हातानं चार्जरसकट उपटंल. लाईट तेवढ्यात आली तर?"

बाईंनी मोबाईल खाली ठेवला. कोंडिबानं सायकल काढली.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी घरघरली. लाईट आली होती. हाक मारली असती तर सुलक्षणा दचकली असती, म्हणून तो गप तिच्या घराच्या ओट्यावर चढला अन् मीटरशेजारचं मेन बटण खाली ओढलं. आत ती बोर्डापुढं वाकलेली. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"लाईट कुणी घालवली रं?"

"मी. मागं सरा वहिनी. हात लावू नगा."

"ती वायर सहा महिनं अशीच हाय. काय झालंय का?"

कोंडिबानं हात पँटीला पुसून कोरडे केले अन् काड्या उपटल्या. एका वायरीच्या तारा बाहेर निसटून काळ्या पडल्या होत्या. त्यानं वायर गुंडाळून बोर्डच काखेत मारला.

"मग फोन कुटं लावू?"

"नवा प्लग बसवून आणतोय. तवर कुटंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता शाळेत गेला. "काड्या मी खोचल्या, ते चुकलं," एवढंच म्हणाला. मग विचारलं, "आनखी कुणाच्या घरी हायेत?"

नऊ हात वर झाले. कोंडिबाला रात्रभर आठवून सातच घरं आठवली होती.