सागवानी फळीचा वास

माझे गुडघे दुखायला लागले आणि पावशीवर, म्हणजे विळीवर, बसणं बंद झालं, तेव्हा आमच्या ह्यांनी ओट्यावर उभं राहून कापायला मला एक फळी करून दिली. चौकटीच्या उरलेल्या सागवानाची, चांगली जाड. त्यांच्या हातची शेवटची वस्तू तीच. त्यानंतर मोठ्या बिमारीतून उठल्यावर त्यांनी सुतारकी सोडली, फुलचूरच्या आमच्या घराच्या अंगणातलं कामाचं छप्पर रिकामं केलं आणि विचारलं की म्हणायचे, "हात थकले आता." मला हात काही थकलेले दिसत नव्हते, पण माणसाला काय काय विचारणार?

त्या फळीवर मी सगळंच कापलं. कांदे, ठेचायचा लसूण, बोदलकशाच्या तलावावरून कुणी आणून दिलेल्या कटला मासोळीचे तुकडे. धुवायची आणि ओल्या ओट्यावर आडवी टाकायची. वास येतो हे मला कधी कळलंच नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

तो आला सुनेला. तिला दिवस गेले होते, अन्नावरून मन उडालं होतं, पाणीसुद्धा कसंबसं पोटात राहायचं. मोठ्या हौसेने मी तिला काकडी कापून दिली, तर तिने ताटली दूर सारली.

"आई, मासोळीचा वास येऊन राह्यला."

"काकडीले?"

हे पडवीतून ओरडले, "वास तिच्या नाकात आहे, फळीत नाही!"

मला कुणी काही ठाम बोललं की आधी ते पडताळून बघावंसं वाटतं. एक काकडी फळीवर कापली, दुसरी ताटलीत हातावर धरून कापली, आणि काही न सांगता दोन्हीच्या फोडी सुनेपुढे ठेवल्या. हातावरच्या तिने खाल्ल्या. फळीवरच्या नाकाशी नेल्या आणि खाली ठेवल्या. पुन्हा अदलाबदल करून दिल्या, पुन्हा तेच. मग मीही डोळे मिटून फळीला नाक लावलं. आधी कांदा, मग मासोळी, आणि सगळ्यांच्या मागे ठाण मांडून बसलेला लसूण. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि गंमतही.

"प्लास्टिकची आणू," मुलगा म्हणाला. "ही टाकून देऊ."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "टाका. पाणी तापवाच्या चुलीत घाला," म्हणाले आणि उठून गेले. इतक्या सरळ आवाजात ते फक्त दुखावल्यावर बोलतात. तेव्हाच मी ठरवलं की ही फळी चुलीत जाणार नाही. सून त्या फळीवरची काकडी खाईल, तेव्हाच मी स्वस्थ बसेन.

पहिला उपाय बाईच्या जातीला सुचतो तोच केला, उकळतं पाणी ओतलं. वास असा उसळला की सून अंगणात पळाली आणि मासोळी जणू लाकडात आणखी शिजून बसली. दुसरा उपाय आमच्याकडचा रामबाण: ऊन दाखवणं. गादीला ऊन, तांदळाला ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन. मी ओली फळी वैशाखाच्या दुपारी फरशीवर ठेवली आणि आत आले. थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज झाला. ह्यांनी तो माझ्या आधी ऐकला आणि अनवाणी धावले. फळी पापडासारखी वाकली होती, टोकाला केसाएवढी चीर पडली होती.

"वरून सुकते आन खालून ओली राह्यते, मंग तडकन नाही तं का करन?" ते मला बरंच काही बोलले. मीही बोलले. पण त्यांनी फळी सावलीत, भिंतीला टेकवून उभी केली, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी. दुसऱ्या दिवसापर्यंत ती बरीचशी सरळ झाली आणि ह्यांचा रुसवाही गेला.

मग आम्ही दोघं लागलो. गार पाणी, तेही जरासंच. वर जाडं मीठ पसरलं आणि अर्ध्या लिंबाने रेषांच्या दिशेने घासलं. थोडं थांबून दोन्ही बाजू झटपट धुतल्या, फडक्याने टिपलं, पुन्हा उभी केली. पाण्यात बुडवायची नाही, ही ह्यांची ताकीद. कांद्याचा आणि मासोळीचा वास त्यातच गेला. लोखंडी सुरीने पडलेले काळे डागही लिंबाने फिके झाले. मी हावरटासारखं एका कोपऱ्यावर खायचा सोडा लावून बघितला, तर तो कोपरा काळवंडला. सागवानाला सोडा मानवत नाही हे ह्यांना माहीत होतं, पण मला लावू दिला. "तुले पाह्यचं होतं नं?" म्हणाले.

लसूण मात्र सुरीच्या चरांत घुसला होता. तेव्हा ह्यांनी कितीतरी वर्षांनी आपली हत्यारांची पेटी उघडली. बारीक पॉलिश पेपर काढला आणि चर नाहीसे होईपर्यंत फळी दोन्ही बाजूंनी घासली. हळदीचा पिवळेपणा भुशाबरोबर निघाला. पुन्हा मीठ-लिंबू झालं, फळी सुकली, आणि आता लाकडाला तेल पाजायचं होतं. मी सोयाबीनचं पुढे केलं.

"ते खवट होते. जवसाचं आण, ते लाकडात सुकून बसते."

फडक्याने त्यांनी जवसाचं तेल चोळलं, चिरेत जास्त मुरवलं, उरलेलं पुसून काढलं. मग फळी नाकाशी नेली आणि समाधानाने म्हणाले, "घे. कायचाच वास नाही."

माझ्या नाकात जवस भरला होता. पलीकडच्या खोलीत सुनेने धाडकन दार लावून घेतलं. आणि हे तेच गृहस्थ होते, जे पूर्वी गल्लीच्या तोंडाशी आले की सांगायचे, आज घरी जवसाची चटणी आहे.

मी ओट्याकडे वळले. लसणाची पाकळी ठेचली आणि त्यांच्या मागे जाऊन खांद्यावरून नाकाशी धरली. ते फडक्याची घडी घालत राहिले.

"कवापासून?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातला लसूण पाहिला. फडकं बाजूला ठेवलं. "त्या मोठ्या बिमारीपासून. ताप गेला, वास आलाच नाही." मग म्हणाले, "सागवान हाय का बीजाचं लाकूड, मी डोळे मिटून वासानं सांगत होतो. गिऱ्हाईकानं तुकडा हातात देल्ला, मी नाकाशी नेला तं काहीच नाही. का सुतारकी करावं मंग?"

माझा जीव कळवळला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या रश्शाची वाहवा करत होता, आणि मी फुशारून जात होते!

जवसाचा वास जायला बरेच दिवस लागले. फळी माळ्याखाली सावलीत उभी होती. हे रोज येताजाता विचारायचे, "आज कसा येऊन राह्यला?" मी नाक लावून सांगायचे: आज कच्चा, आज कमी, आज फक्त चिरेपाशी. त्यांना इतकं कुतूहल असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी सुनेने स्वतः फळी ओट्यावर घेतली, काकडी कापली, एक फोड खाल्ली, मग दुसरी, मग मीठ मागितलं. मला नाचावंसं वाटलं. हे दारात उभे होते.

"बाबा," ती आनंदाने म्हणाली, "आता काहीच वास नाही!"

त्यांनी मान डोलावली, पण चेहरा उतरला. मी फळी उचलली, पुसली, तोंडाजवळ नेली.

"तिले काय समजते?" मी म्हणाले. "सागवानाचा येऊन राह्यला. रंध्याखालून निघते नं, तसा."

त्यांनी फळी माझ्या हातातून घेतली आणि डोळे मिटून नाकाशी धरली.