इस्पितळाचा वाटा

शुभंकर दरवर्षी एका साइटवरून गेम्सचं चॅरिटी बंडल, म्हणजे बऱ्याच गेम्सचा एकत्र संच, घ्यायचा. किंमत आपण ठरवायची, त्यातला वाटा मुलांच्या इस्पितळाला जातो आणि पैसे भरले की प्रत्येक गेम उतरवून घ्यायचा कोड मिळतो. नको असलेले कोड तो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात वाटायचा आणि वर छाती फुगवून सांगायचा, "मुलांच्या इस्पितळाला हजार दिले!"

यंदा नवी आलेली सिद्धीही बंडल घेत होती. तिने विचारलं, "हे 'वाटणी बदला' काय आहे?"

शुभंकरने ते बटण आयुष्यात पहिल्यांदा दाबलं. आधीपासून ठरलेली वाटणी उघडली: बहुतेक पैसे गेमवाल्यांना आणि साइटला, इस्पितळाला शंभरातले पाच. त्याचे कान तापले. सहा वर्षं हा गाढव कसल्या फुशारक्या मारत होता!

"तू इस्पितळाला किती ठेवतोस?"

"जास्तीत जास्त," तो म्हणाला.

सिद्धीने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं.