जाहिरातीत उतरलेली माझी गाऱ्हाणी

आमचं ऑफिस हिंदी मुलखातल्या एका शहरात, भनपुरी भागात, टायरच्या दुकानावर आहे. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना माल न्यायला रिकामे ट्रक मिळवून देणारं ॲप आम्ही चालवतो. या लहानशा स्टार्टअपमध्ये सगळ्यांत वयस्क मी. हिशेब, माणसं, चहापत्ती, सगळं माझ्याकडे. मालक माझ्या भाच्याच्या वयाचा आहे. घरी मराठी ऐकत वाढला, पण उत्तर हिंदीतच देतो.

ट्रकवाल्यांचे फोन सांभाळणारी आमची सहकारी गरोदर होती. मूळची गोंदियाची. सातवा लागला की माहेरी यायचं, असं तिच्या आईने बजावलं होतं. सहा महिन्यांसाठी तिच्या जागी माणूस मिळाला, की त्याला काम शिकवून ती निघणार होती. जाहिरात मी लिहिली आणि एका बैठकीत संपवून यादीत टिक केली.

अर्ज येईनात. एकाने ट्रक चालवायची नोकरी आहे का म्हणून विचारलं. एका मुलीने फोन केला, पगार विचारला आणि पुढचं वाचते म्हणाली, ती गेलीच. इकडे सहकारीला गाडीचं तिकीट काढता येईना.

मालकाने जाहिरात उघडली आणि हसायला लागला.

"मैडम, इसमें आप डाँट किसको रही हैं?"

मग म्हणाला, जो काम करती है, उसके साथ बैठकर लिखिए.

आम्ही दोघी बसलो. जाहिरात हिंदीत होती. ती मोठ्याने वाचायची आणि आमच्या मराठीत टिप्पणी करायची.

"'वारंवार जागा सोडून जाणारे नकोत.' हा तो सिगरेटवाला पोट्टा!"

मी हसले. खरंच तोच होता, दर तासाला सिगरेटला खाली जाणारा आमच्या ऑफिसातला मुलगा.

"'कामाच्या वेळी घरच्यांशी फोनवर बोलणे चालणार नाही.' ही तुमच्या हाताखालची हिशेबवाली. दीदी, तुम्ही तर सगळ्यांचा बदला घेतला न!"

मीही हसत होते. पुढच्या ओळीवर ती थांबली. बोट तिथेच ठेवून तिने हळू वाचलं, "'घरगुती व तब्येतीची कारणे पुढे करू नयेत.'"

मग माझ्याकडे बघितलं. "हे माझ्यावर आहे न?"

"नाही गं, असं सगळेच लिहितात."

"तुम्ही हे टाकलं, त्याच्या आदल्या दिवशी मी सोनोग्राफीले गेली होती. तुम्ही फोन सांभाळले होते."

त्या संध्याकाळी फोन एकावर एक वाजत होते आणि माझी यादी तशीच पडली होती. चिडचिड झाली होती, आणि ती मी दुसऱ्या दिवशी नियम म्हणून लिहून टाकली होती. तेव्हा ते मला शिस्तीचं वाटलं होतं.

"हव," ती मान हलवून म्हणाली. "चला, नवीन लिहू. मले तिकीट काढायचं आहे."

मान खाली घालून मी लिहायला बसले. तिने सांगितलं ते वर घेतलं: दिवसभरात काय करायचं, ट्रक कुठे अडकला हे चालकाला विचारून कारखान्याला कळवायचं, संध्याकाळी फोन जास्त येतात. 'दबावाखाली काम करण्याची क्षमता' काढून टाकलं. पदवी खोडली, कारण कामात ती लागतच नव्हती. हिंदीत नीट बोलता येणं आणि मोबाईल सराईतपणे वापरता येणं, एवढंच लागेल असं लिहिलं. ॲप आम्ही शिकवू. काम सहा महिन्यांचं आहे हे आधी कुठेतरी तळाशी होतं, ते पहिल्या ओळीत आणलं. पगार किती ते किती, वेळ, सुटीचा वार, अर्जाला उत्तर कधीपर्यंत मिळेल, सगळं स्पष्ट लिहिलं. 'उमेदवाराने करावे' जाऊन 'तुम्ही' आलं.

ती एक ओळ राहिली. मी लिहिलं, 'तब्येतीचं किंवा घरचं काही असेल तर आधी सांगा, त्या वेळी फोन दुसरं कोणी घेईल.'

"दुसरं कोण?" तिने विचारलं.

"मी."

"चिडाल."

"चिडेन. पण घेईन."

यावर ती हसली नाही.

या खेपेला बरेच अर्ज आले. ब्राह्मणपारा या वस्तीतल्या एक बाई आम्हाला पटल्या. मुलाच्या शाळेमुळे काही वर्षं घरी होत्या. मुलाखतीत त्यांनी त्याच ओळीबद्दल विचारलं, "ये सच में होता है, या सिर्फ लिखा है?" मी 'होतं' म्हटलं. सहकारी शेजारीच बसली होती. तिने मान वर केली नाही.

काम शिकवून झालं, तिकीट निघालं. शेवटच्या दिवशी हेडफोन माझ्या टेबलावर ठेवताना ती म्हणाली, "दीदी, मी परत येऊ न? जागा माझीच राहीन न?"

"हा काय प्रश्न झाला? तुझीच आहे!" मी गरजेपेक्षा मोठ्याने बोलले. आतून मालकाचाही आवाज आला, "बिल्कुल आना है!"

"हव," ती म्हणाली. मग तिने आपला ड्रॉवर उघडला आणि आतलं सगळं पिशवीत भरलं. चहाचा कपसुद्धा.